चवबहाद्दराने गोड केलेला दुधी

कडू चव ओळखणारी माणसं जगात पुष्कळ असतील, ती लपवण्याचा पगार घेणारी मात्र मोजकीच. आपला चवबहाद्दर त्या मोजक्यांतला. हे नाव त्याला कारखान्यात मिळालं होतं आणि सुरुवातीला ते टोमणा म्हणून दिलेलं होतं, पण गड्याने ते बढतीसारखं मिरवलं. आता तो स्वतः ही गोष्ट सांगायला बसला की आधी स्वतःच्या नावालाच हात जोडतो. "बहाद्दर म्हणे! असला बहाद्दर वैऱ्याच्याही घरात नको," असं म्हणतो, आणि मगच पुढे जातो.

तो कारखाना लहान मुलांच्या पातळ औषधांचा. औषध मुळात कडूजहर असतं. पोरगं ते थुंकतं, आईच्या अंगावर उडवतं, पलंगाखाली जाऊन बसतं. तसं होऊ नये म्हणून चवबहाद्दर. साखर काय, कुणीही घालेल. पण चिमूटभर मिठाने कडूपणाची धार मोडते, संत्र्याच्या वासाने नाक फसतं, पुदिन्याच्या गारव्याने जीभ जरा बधिर होते, आणि औषध थोडं दाट केलं की ते जिभेवरून गुळगुळीत सरकतं, हे त्याला पाठ होतं. "कडू मरत नसतं, ते फक्त उशिरा येतं. आणि ते येईपर्यंत पोराने गिळलेलं असतं," असं तो नव्या लोकांना सांगायचा आणि वर मिशीतल्या मिशीत हसायचा. आता ते वाक्य आठवलं की त्याला स्वतःच्या मिशा उपटाव्याशा वाटतात.

चव बघायची तिथली पद्धतही ठरलेली होती. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, चूळ भरायची. गिळायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची औषधं कोण पोटात घालणार? इतक्या वर्षांत त्याला ही सवय अशी जडली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा आमटीचा पहिला घोट घेतला की त्याची नजर बेसिन शोधायची.

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. हिशेबात पक्की, बोलण्यात रोखठोक. पण एका बाबतीत तिचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता, आणि ती बाब म्हणजे दुधी भोपळा. गॅलरीत एक निळा ड्रम होता, त्यात ती दरवर्षी वेल लावायची. एका वर्षी पानांवर पांढरी भुकटी पडून वेल गेला. पुढच्या वर्षी नुसती नरफुलं आली. "अगदी आमच्या स्टाफरूमसारखं, पसारा मोठा आणि फळ शून्य," असं म्हणून तिने तो उपटून टाकला. यंदा तिने रंगाचा ब्रश घेऊन एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला स्वतःच्या हाताने लावले. फळ धरलं. आणि नेमकं तेव्हाच नात्यातल्या लग्नासाठी बाहेरगावी जावं लागलं. भर उन्हाळा, पाणी घालायला कुणी नाही. परत आले तेव्हा वेल माना टाकून पडला होता, पण तो एक दुधी मात्र चिकटून होता. तिने रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालून वेल उठवला आणि दुधी वाढवला. रोज त्याच्यावर हात फिरवायची. चवबहाद्दराला थोडा हेवाच वाटायचा. आपल्या पाठीवर इतका हात कधी फिरला होता, ते त्याला आठवेना.

रविवारी सकाळी तिने तो कापला. कोवळा, लुसलुशीत, बाहेरून नाव ठेवायला जागा नाही. पहिल्या फळाची भाजी करायची नाही, रस काढायचा, हे तिने आधीच जाहीर केलं होतं. फोनवर कुणीतरी दुधीच्या रसाचे गुण लिहून पाठवले होते. तो प्यायला की रक्त शुद्ध, पोट शुद्ध, बहुतेक कर्मसुद्धा शुद्ध.

"अहो, तुम्ही रस काढा, मी तेवढ्यात आंघोळ करून येते," ती म्हणाली. "आणि चव बघा हं. या घरात जीभ तुमची."

झालं. चढला गडी हरभऱ्याच्या झाडावर.

त्याने दुधी सोलला, फोडी केल्या, मिक्सरमधून काढल्या, गाळल्या. घोट घेतला, घोळवला.

जिभेला जणू कुणी चिमटा काढला. नुसतं कडसर नाही, जहर कडू. घशाच्या कडेपर्यंत पसरणारं, तोंड वाकडं करणारं. अंगावर सर्रकन काटा आला. त्याने बेसिनमध्ये थुंकलं, चूळ भरली, तरी ते जाईना. पुन्हा चूळ भरली. तरी होतंच.

कुठल्याही शहाण्या माणसाने त्या क्षणी काय केलं असतं? भांडं बेसिनमध्ये उपडं केलं असतं आणि वर दोन शिव्या घातल्या असत्या. अहो, रांगणारं पोर तोंडात कडू गेलं की थुंकतं, ते काय शिकवून? शरीरच सांगतं, हे आपलं नाही, बाहेर काढ. पण चवबहाद्दराने तीस वर्षं पोरांच्या त्या थुंकण्याविरुद्ध लढण्यात घालवली होती. कडू लागलं की त्याला 'थांब' ऐकू येत नव्हतं, 'लागा कामाला' ऐकू येत होतं.

शिवाय बायको. बाथरूममधून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. इतक्या खटाटोपानंतर आलेलं हे एकच फळ, आणि आपण तिला सांगायचं की बाई, तुझा दुधी कडू निघाला? तिचं उतरलेलं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आणि कडू म्हणजे काय मोठंसं, त्याने स्वतःची समजूत काढली. कारलं नाही का आपण आवडीने खात? त्याची आई काकडीचं टोक कापून त्यावर घासायची, फेस काढायची, की म्हणे कडू गेलं. उलट कडू तेवढं औषधी.

मग त्याने बाह्या सरसावल्या. मीठ, लिंबू, भरपूर मध. घोट घेतला, थुंकला. अजून येतंय. पुदिन्याची पानं, आल्याचा रस, बर्फ. घोट, थुंकी, चूळ. बरं आहे, पण मागून येतंय. मग डब्यातून दोन चमचे साय काढून घुसळली, म्हणजे जिभेवर जरा थर बसेल. घोट. थुंकी. वा! पहिल्यांदा लिंबू, मग गोड, मग गारवा, आणि कडू अगदी लांब, दाराबाहेर उभं असल्यासारखं. त्याने आपलीच पाठ थोपटली. कारखान्यात एवढ्याला महिना लागतो, आपण ते एका आंघोळीत केलं!

बायको केस पुसत आली. त्याने मोठा पेला तिच्या हातात दिला.

"कडू नाही ना?" तिने विचारलं. "परवा कुणीतरी म्हणत होतं, कडू असला तर पिऊ नये."

"छे गं! अमृत आहे."

हा 'छे गं' त्याला पुढे फार छळणार होता.

तिने अर्धा पेला रिकामा केला आणि थांबली. जीभ टाळूला लावली. "छान आहे हो, पण शेवटी जरा कडू येतंय का?"

तेवढ्यावर तरी शुद्धीवर यावं की नाही? पण त्याला काय वाटलं असेल सांगा. त्याला अपमान वाटला. कडू दाराबाहेर उभं केलं होतं ते आत आलंच कसं? त्याने तिच्या हातातून पेला घेतला, आणखी चमचाभर मध आणि लिंबाचे चार थेंब घातले, ढवळला आणि परत दिला. "आता बघ."

"आता नाही येत," ती म्हणाली, आणि तिने तो संपवला. वर म्हणाली, "तुमच्या हाताला चव आहे."

त्याच्यासाठी भरलेला पेला ओट्यावरच होता. तो नंतर पिणार होता. खरं सांगायचं तर दुधी त्याला मुळातच आवडत नव्हता.

थोड्याच वेळात ती पोट धरून खुर्चीत बसली. कळ आली म्हणाली. मग धावत बाथरूममध्ये गेली. उलटी. पुन्हा उलटी, मग जुलाब, मग दोन्ही एकदम. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, आणि भिंतीला धरून उभी. "काहीतरी चुकलंय हो," एवढंच म्हणाली. ही बाई ताप अंगावर काढून शाळेत जाणारी. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि चवबहाद्दर जिन्याकडे धावला.

वरच्या मजल्यावर मेहुणी, म्हणजे बायकोची ताई राहायची, तिच्याकडे गाडी होती. ती तशीच घरच्या कपड्यांत धावत आली. बहिणीला मागच्या सीटवर आडवं करताना तिने विचारलं, "काय खाल्लं होतं, भावोजी?"

"काही नाही. रस घेतला फक्त. दुधीचा."

"आणि तुम्ही?"

"मी नाही घेतला."

मेहुणीने आरशातून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत तीन खाटा, दोन पडदे आणि एक तरुण डॉक्टरीण होती. तिने नाडी बघितली, रक्तदाब घेतला, पोट दाबलं. रक्तदाब कमी आहे, म्हणाली. नर्सने सलाईन लावलं. "काल बाहेर काही खाल्लं होतं का, काकू?"

"लग्नाहून आल्यापासून घरचंच," बायको डोळे मिटूनच म्हणाली. "आज सकाळी दुधीचा रस. बाकी काही नाही."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "रस कडू होता?"

चवबहाद्दर पडद्याशी उभा होता.

"नाही," बायको म्हणाली. "अजिबात नाही. छान होता. यांनीच केला होता. यांची जीभ फार तयार आहे, कडू असता तर यांना आधी कळलं असतं."

"मग नाही," डॉक्टरीणबाई सुटल्यासारख्या म्हणाल्या. "साधा पोटाचा संसर्ग दिसतोय. सलाईन जाऊ द्या, उलटीचं इंजेक्शन देते. बरं वाटलं तर दुपारी घरी जाल." आणि त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या.

आता इथे काय झालं ते चवबहाद्दर कधीच झाकत नाही. तो लगेच बोलला नाही. गप्प राहिला. साधा संसर्ग, दुपारी घरी, हे शब्द त्याला इतके गोड लागले की तो ते चघळत उभा राहिला. संसर्गच असेल, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मेहुणीच्या देखत, नर्सच्या देखत 'मला माहीत होतं' असं कसं म्हणायचं? इतक्या वर्षांची ती जीभ, तो मान, ते नाव! नाक कापलं जाईल ना. बायको तिकडे आतड्यापर्यंत पिळवटून निघतेय आणि हे महाशय नाक सांभाळतायत.

मग तिने डोळे उघडून त्याला शोधलं. तो दिसल्यावर तिने हलकेच मान हलवली, म्हणजे घाबरू नका, ठीक आहे मी. त्याला धीर देत होती ती!

ते त्याला सोसलं नाही. "डॉक्टर!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. "कडू होता. जहर कडू होता. हिला लागला नाही, कारण मी तो लपवला."

"लपवला म्हणजे?"

"मध घातला. लिंबू, मीठ, पुदिना, आलं, साय. हिने सांगितलं होतं की कडू लागतंय, तर मी आणखी घातलं. माझं कामच ते आहे."

"किती प्यायल्या?"

"मोठा पेला. सगळा."

"आणि तुम्ही?"

"मी..." त्याने मान खाली घातली. "मी थुंकत होतो."

मेहुणीने फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणतो, तिने थोबाडीत मारली असती तर उपकार झाले असते.

डॉक्टरीणबाईंनी मात्र रागवण्यात एक क्षण घालवला नाही. भराभर सूचना सुटल्या. दुसऱ्या हातालाही सुई, सलाईन जोरात, पोटातलं आम्ल कमी करायचं इंजेक्शन, रक्ताच्या तपासण्या, अतिदक्षता विभागात खाट. घरी जाण्याचा विषय बंद. खाट ढकलत बाहेर काढता काढताच बायकोला पुन्हा उलटी झाली, आणि या वेळी भांड्यात रक्त होतं. रक्तदाब धाडकन खाली आला. पण तोवर दोन्ही हातांतून सलाईन धावत होतं आणि चार माणसं भोवती होती. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर मेहुणी आणि तो, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. घरी ओट्यावर राहिलेला पेला त्याला एकदम आठवला, आणि त्याने मेहुणीला सांगितलं की तो कुणीही, अगदी कुणीही पिऊ नये.

"कोण पिणार आहे?" मेहुणी म्हणाली. मग समोरच्या भिंतीकडे बघत, "बोललात ते बरं केलंत, भावोजी. उशिरा, पण बोललात."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण घाई नव्हती. रक्तदाब सावरला होता. चवबहाद्दराचा जीव भांड्यात पडला आणि तो बाकावरच मुसमुसून रडायला लागला, भर दवाखान्यात, मिशांसकट. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या.

"काका, दुधी, काकडी, भोपळा यांच्या घराण्यात कुकर्बिटासिन नावाचं विष असतं," त्या म्हणाल्या. "किडे-जनावरांनी खाऊ नये म्हणून वेलीने केलेली सोय. आपण लावतो त्या जातींत ते नावापुरतंच राहिलंय, म्हणून तर दुधी गोडसर लागतो. पण कधी उन्हाचा ताण, पाण्याचा ताण, कधी बीच तसलं, आणि ते पुन्हा वाढतं. बाहेरून ओळखू येत नाही. कळायची खूण एकच, कडू चव."

"पण कारलं..."

"कारलं कडूच असायला हवं, तो त्याचा स्वभाव. दुधी कडू असायला नको. नसायला हवं तिथे कडू लागलं की ती धोक्याची घंटा. थुंकायचं, चूळ भरायची, फळ फेकून द्यायचं. काकडी कडू लागली तरी तेच."

"टोक कापून घासलं तर?"

"त्याचा काही भरवसा नाही. शिजवूनही जात नाही. आणि मध घालून," त्या क्षणभर थांबल्या, "मध घालून विष जात नाही, फक्त घंटा ऐकू येत नाही. यावर उतारा नाही, काका. आम्ही फक्त शरीराला सावरून धरतो, बाकी ते स्वतःच निभावतं."

त्याला आपलं ते कारखान्यातलं वाक्य आठवलं, कडू मरत नसतं, उशिरा येतं, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नळी घालून पोट आतून बघितलं. जठराला सूज, जागोजागी ओरखडल्यासारख्या जखमा. भरून येतील, म्हणाले, पण वेळ लागेल. तिला साध्या खोलीत हलवायला आणखी काही दिवस गेले. तोवर त्याने काचेतून बघत मनातल्या मनात स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्यांना तोड नाही. चवीत गडी तरबेज होताच, शिव्यांतही निघाला.

साध्या खोलीत आल्यावर तिने त्याला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. आवाज खोल गेला होता, पण शिक्षिकेचाच होता.

"ताईने सांगितलं सगळं. तुम्हाला पहिल्याच घोटाला कळलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझं तोंड उतरलं असतं. इतकं केलं होतंस त्या वेलासाठी. मला ते बघवलं नसतं." आणि मग, आता कशाला काही मागे ठेवायचं म्हणून, "आणि जमतंय म्हटल्यावर जरा माज चढला."

तिने नजर छताकडे वळवली. रडेल असं त्याला वाटलं, ओरडेल असं वाटलं. त्याने दोन्हीची तयारी ठेवली होती.

"मला वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली, "आजवर तुम्ही आणखी काय काय गोड करून दिलंत मला?"

त्याने तोंड उघडलं. "छे गं" जिभेच्या टोकावर आलंच होतं. ते त्याने तिथेच अडवलं. घशाच्या कडेला काहीतरी कडू दाटून आलं, आणि या खेपेला शेजारी ना मध होता ना बेसिन.

त्याने खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली. "तू रागावशील," तो म्हणाला.

"रागावेन. सांगा."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली.